कन्नड कादंबरी मराठीतून वाचावी की इंग्रजीतून?

ज्याला गावाकडच्या, घराघरातल्या गोष्टींची ओढ आहे आणि जो मराठीतलं बरंचसं वाचून आता शेजारच्या भाषांकडे वळतो आहे, त्याला लवकरच हा प्रश्न पडतो. मूळ कन्नड येत नाही, पण मराठी आणि इंग्रजी दोन्ही सहज वाचता येतात. दोन्हीकडे चांगले अनुवाद आहेत. मग हात कुठल्या कपाटाकडे जावा? मी दोन्ही वाटांनी पुष्कळ वाचलं आहे आणि माझा कल एका बाजूला आहे. तो कसा झाला ते सांगतो. तुमचा वेगळा असेल तर त्यालाही कारणं असतील.

उदाहरणासाठी दोन कादंबऱ्या घेतो. दोन्ही 1965च्या, दोन्ही कर्नाटकातल्या कर्मठ ब्राह्मण घरांच्या, आणि दोन्हींत धर्मशास्त्र हेच संकट होऊन उभं राहतं. एक भैरप्पांची ‘वंशवृक्ष’, जी मी उमा कुलकर्णींच्या मराठीतून वाचली. दुसरी अनंतमूर्तींची ‘संस्कार’, जी मी ए. के. रामानुजन यांच्या 1976च्या इंग्रजीतून वाचली.

अनुवाद म्हणून दोन्ही उत्तम आहेत. रामानुजन स्वतः कवी, आणि त्यांचं इंग्रजी इतकं घोटीव आहे की अग्रहारातला, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीतला उकाडा, मेलेल्या उंदरांचा वास, आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं हे सगळं अंगावर येतं. या गुणात इंग्रजी अनुवाद कमी पडतो असं मी म्हणणार नाही. माझी अडचण वेगळी आहे आणि ती फक्त याच पुस्तकापुरती नाही.

‘संस्कार’ची सुरुवात आठवा. दुर्वासपुरात नारणप्पा मरतो. तो बाटलेला, दारू-मांस खाणारा, चंद्रीला घरात ठेवणारा, पण जातीबाहेर न टाकलेला. त्याचं दहन कोणी करायचं हे ठरेना, आणि ते ठरून प्रेत हलेपर्यंत अग्रहारात कोणी जेवायचं नाही. मराठी वाचकाला एवढं कळलं की पुरे. गावात मयत असताना चूल पेटत नाही हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे ‘प्रेत तसंच पडलंय’ हे वाचताक्षणी अख्ख्या गावाची भूक आपल्या पोटात उतरते. पुढे चंद्री दहनाच्या खर्चासाठी अंगावरचे दागिने काढून ठेवते तेव्हा त्या भुकेत लोभ मिसळतो, आणि इतका वेळ मागे सरणारी माणसं एकदम पुढे सरू लागतात. कादंबरीचा ताण या दोन गोष्टींवर उभा आहे.

इंग्रजी अनुवादकाला मात्र हा नियम परक्या वाचकाच्या हाती द्यावा लागतो. रामानुजन यांनी बरीचशी माहिती शेवटच्या टिपांमध्ये नेली आहे आणि वाक्यांना फारसा धक्का लागू दिलेला नाही. सगळ्यांना ते जमत नाही. एका इंग्रजी अनुवादात (नाव घेत नाही) एक बाई पहाटे विहिरीवर नाहून ओलेत्यानेच स्वयंपाकघरात शिरते, आणि सासू तिच्याकडे एकदा बघते. एवढंच. पण त्याच वाक्यात स्वल्पविराम देऊन सोवळं म्हणजे काय, ते कशाने मोडतं आणि मोडलं तर काय करायचं हे सांगून टाकलं होतं. सासूच्या त्या बघण्यापर्यंत पोचता पोचता माझं लक्ष उडालं होतं. पुढे श्राद्धाला, ओटीला, माहेराला, पानातल्या डाव्या-उजव्या बाजूलाही हेच. जे माझ्या आजीच्या घरात रोज घडत होतं ते मलाच समजावून सांगितलं जात होतं.

माझा कौल या एका त्रासाने फिरवला. सुरुवातीला वाटलं, हा नुसता वाचनाच्या गतीचा प्रश्न आहे, सवय होईल. नंतर लक्षात आलं की बिघाड निवेदकात होतो. प्रादेशिक कादंबरीचा निवेदक बहुधा त्या घरातलाच कोणी असतो. त्याला सोवळ्याचं नवल नसतं, नवल असतं ते सासूच्या नजरेचं. तोच निवेदक मध्येच थांबून प्रथा समजावू लागला की तो घरातला राहत नाही. तो अंगणात उभा राहून पाहुण्यांना घर दाखवू लागतो. लेखकाने जे गृहीत धरून सोडलं होतं ते सांगितलं जातं आणि त्या भाराखाली जे सांगायचं होतं ते मागे पडतं. मूळ कन्नड वाचकाला जे शांतपणे कळलं, ते मलाही तसंच कळावं एवढीच माझी अपेक्षा होती.

‘वंशवृक्ष’ मराठीतून वाचताना असं कुठे झालं नाही. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री, कपिलेच्या पाण्यात बुडून गेलेला त्यांचा मुलगा, मागे राहिलेली तरुण सून कात्यायनी आणि तिचं लहान पोर. ती शिकायला म्हैसूरला जाऊ लागते, राजा नावाच्या तरुणाशी लग्न करायचं ठरवते, आणि मग मूल कोणाचं हा प्रश्न उभा राहतो. इथे ‘वंश’ या शब्दामागचं सगळं ओझं मराठी वाचक सोबत घेऊनच आलेला असतो. नातू म्हणजे घराचं पिंडदान पुढे चालवणारा, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. श्रोत्री शांत राहतात आणि आपल्याला त्या शांततेची धास्ती वाटते. सुनेशी बोलतानाची त्यांची माया, तिचं सासऱ्यांपुढे संकोचून बोलणं, हे आपल्या घरातल्या बोलण्यासारखंच कानावर पडतं.

हा ‘कानावर पडण्याचा’ भाग योगायोगाचा नसावा. उमाताईंची पद्धत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करत, आणि त्या ते ऐकून मराठीत लिहीत. म्हणजे मजकूर त्यांच्यापर्यंत डोळ्यांनी नाही, कानांनी पोचला. मला वाटतं, त्यांच्या मराठीतले संवाद तोंडात बसतात त्याचं एक कारण हे असावं. पुस्तक मोठ्याने वाचून पाहा. दोन माणसांमधलं बोलणं कुठे अडखळत नाही.

आता मराठीची उणी बाजू, कारण ती आहे आणि जाणवण्याइतकी आहे. परिचय जास्त झाला की वाचक बेसावध होतो. मी नंजनगूड वाचत होतो आणि मनात वाई उभी राहत होती. कपिलेचा घाट कृष्णेचा होऊन गेला होता. ‘संस्कार’मध्ये तर हे महागात पडलं असतं. दुर्वासपूर माध्व पंथाच्या ब्राह्मणांचं, शेजारचं पारिजातपूर स्मार्त पंथाच्या ब्राह्मणांचं, आणि प्रेताला हात कोणी लावायचा हा प्रश्न तिथपर्यंत जातो. माध्व-स्मार्तांमधली ही उच्चनीचता महाराष्ट्रात त्या रूपात नाही. ‘सगळे ब्राह्मणच’ म्हणून मी ती ओलांडून गेलो असतो. रामानुजन यांच्या टिपांनी मला तिथे थांबवलं. परकेपणा कधी कधी नीट बघायला लावतो, हे मान्य करायलाच हवं.

दुसरी अडचण बोलीची. म्हैसूर भागातल्या दलित वस्तीचं बोलणं मराठीत आणायचं तर कुठल्या मराठीत? वऱ्हाडी वापरली तर माणसं अमरावतीची होतात, प्रमाण मराठी वापरली तर कुठलीच राहत नाहीत. इंग्रजीलाही बोली साधत नाही, पण निदान ती माणसांना भलत्या जिल्ह्यात नेऊन बसवत नाही.

आणि इंग्रजी बदलते आहे, हेही सांगायला हवं. बानू मुश्ताक यांच्या कथांचा दीपा भास्ती यांनी केलेला ‘हार्ट लॅम्प’ हा अनुवाद, ज्याला 2025चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तळटिपांशिवाय आणि कन्नड शब्द तिरप्या टायपात न घालता केलेला आहे. अंगणातून घर दाखवणारा निवेदक तिथे नाही. शिवाय त्या कथांमधलं मुस्लिम घर बहुतेक मराठी वाचकांच्या ओळखीचं नसतं. त्यामुळे मराठी अनुवादाला मी जो ओळखीचा फायदा देतो आहे, तो तिथे आपोआप मिळणार नाही. तिथे इंग्रजी उचलायला माझी काहीच हरकत नाही.

माझा मराठीचा कल सरळ मूळ भाषेतून आलेल्या पुस्तकापुरता आहे. कन्नडच्या बाबतीत दोन्ही भाषा घरात असलेले अनुवादक मिळत आले आहेत. बेळगाव-धारवाडकडे अशी घरं पुष्कळ. मल्याळम आणि तमिळच्या बाबतीत मात्र पुस्तक पुष्कळदा इंग्रजी किंवा हिंदीवरून फिरून येतं आणि मुखपृष्ठावर ते लिहिलेलं नसतं. श्रेयाचं पान उघडून बघा. मूळ शीर्षकाच्या जागी इंग्रजी शीर्षक असेल किंवा इंग्रजी आवृत्तीच्या प्रकाशकाचे आभार असतील, तर वाट कळली. तेही नसेल तर माणसांची आणि गावांची नावं बघा. मल्याळम-तमिळमधला एक खास उच्चार रोमन लिपीत ‘zh’ असा लिहितात आणि तो आपल्या ‘ळ’च्या जवळचा आहे. अनुवादात तो ‘झ’ होऊन आला असेल, ‘आलप्पुळा’चं ‘अलापुझा’ झालं असेल, तर अनुवादकाने बहुधा रोमन अक्षरं समोर ठेवून लिहिलं आहे. वर्तमानपत्रांनी काही गावं ‘झ’नेच रुजवली आहेत, म्हणून एका नावावरून ठरवू नका. घरातल्या साध्या माणसांची नावंही तशीच असतील तर शंका धरा. असं पुस्तक असेल तर मी इंग्रजीच घेतो. तिथे मराठी आवृत्तीत इंग्रजीतली स्पष्टीकरणं भाषांतरित होऊन येतात, आणि सोवळं म्हणजे काय हे मराठी माणसाला मराठीतून वाचावं लागतं.

सुरुवात करायची असेल तर आधी ‘वंशवृक्ष’ मराठीतून घ्या आणि लगेच ‘संस्कार’ इंग्रजीतून. उलट क्रमाने नको. श्रोत्रींच्या घरात राहून आल्यावर दुर्वासपुरातली भूक कळायला टिपा लागत नाहीत, आणि मग रामानुजन यांच्या टिपा जिथे खरोखर गरज आहे तिथेच, म्हणजे पारिजातपुराशी, उघडाव्या लागतात.