साधी काचनळी की हीट पाइप?

पाणी कोमट येतं म्हणून सोलर बदलायला निघालेल्या मित्राला आधी नळ्यांची खालची टोकं बघायला सांगितली. चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर त्या नळीतली निर्वात पोकळी संपली. तेवढी नळी बदला.

फुटण्याचं म्हणाल तर साध्या प्रकारात पाणी नळीतच असतं. एक फुटली की टाकी रिकामी. उन्हात कोरड्या तापलेल्या नळीत गार पाणी सोडलं, तर ती तडकू शकते. भरायचं ते पहाटे. रबरी सीलही गळतात. हीट पाइपमध्ये काचनळी कोरडी असते, तिच्यातला धातूचा बंद पाइप उष्णता टाकीतल्या पाण्याला देतो; म्हणून नळी फुटली तरी पाणी चालू.

क्षार दोन्हीकडे साचतात. साध्या नळीतला गाळ मात्र काढून धुता येतो.

जड पाणी, कमी खर्च असेल तर साधी. वरचेवर नळ्या फुटत असतील तर हीट पाइप.