फोर-के ३० की फुल एचडी ६०?

भाचा तालमीतल्या वस्तादांची मुलाखत घेणार आहे आणि व्हिडिओच्या या दोन सेटिंगांत अडकलाय; ३० आणि ६० म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. आयफोनवर एचईव्हीसी या फाइल लहान ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये फोर-के ३० ला मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, फुल एचडी ६० ला ९०. चाळीस मिनिटांचे ६.८ जीबी विरुद्ध ३.६.

तरी बसून बोलणाऱ्या माणसाला फोर-केच घे. एका कोनातून शूट करून नंतर चेहऱ्यापर्यंत क्रॉप करता येतं. फोन ट्रायपॉडवर ठेव. हातातल्या फोनची थरथर सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चौकटीच्या कडा खातं.

हौद्यातली कुस्ती मात्र ६० वर. तालमीतल्या मंद उजेडात ३० वर शटर रेंगाळतं, टांग मारणारा पाय पुसट दिसतो.

आवाजाला दोन्ही सारखेच. दोन मीटरवरून फोनला शड्डूच जास्त ऐकू येतात. वस्तादांच्या छातीवर, हनुवटीखाली वीतभर अंतरावर कॉलर माइक लाव.