काळ्या यादीचा आदेश आल्यावर: खात्यात अपील की उच्च न्यायालयात रिट?

काळ्या यादीचा आदेश हातात पडलेल्या कंत्राटदारापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक म्हणजे आदेश काढणाऱ्याच्या वरिष्ठांकडे अपील किंवा निवेदन, आणि दुसरी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. एकाच प्रकरणात मी या दोन्ही वाटांनी गेलो आहे, त्यामुळे पुढचे मत अगदी तटस्थ आहे असे म्हणवत नाही.

प्रकरण एका सरकारी इमारतीच्या कामाचे होते. कामाला उशीर झाल्यावर कार्यकारी अभियंत्यांची कारणे दाखवा नोटीस आली. करार रद्द करून सुरक्षा ठेव जप्त का करू नये, एवढेच तिच्यात विचारले होते. त्या दोन गोष्टींपुरतेच मी उत्तर दिले. प्रत्यक्ष आदेशात मात्र करार रद्द झाला, ठेव जप्त झाली आणि शेवटच्या परिच्छेदात दोन वर्षांसाठी काळ्या यादीत टाकल्याचे एक वाक्य होते.

खात्यातील अपिलाचे फायदे खरे आहेत. खर्च कमी येतो, ज्या कार्यालयाची कामे पुढेही करायची आहेत त्याच्याशी कटुता वाढत नाही, आणि मोजमाप पुस्तिका, उशिरा मिळालेले नकाशे, पावसामुळे थांबलेले काम अशा तपशिलात वरिष्ठ अभियंता शिरू शकतो. रिटमध्ये न्यायालय सहसा त्या खोलात जात नाही. म्हणून नोटीस नीट दिलेली असेल, तिच्यात काळ्या यादीचा स्पष्ट उल्लेख असेल आणि वाद फक्त कामाच्या वस्तुस्थितीचा असेल, तर अपीलच बरे असे मला आजही वाटते.

माझ्यासाठी पारडे फिरवले ते एका साध्या अडचणीने. अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. जवळजवळ प्रत्येक निविदेत आपण कोणत्याही खात्याच्या काळ्या यादीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र मागतात, आणि अपील प्रलंबित असताना ते खरेपणाने देता येत नाही. माझे अपील या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले, स्थगितीच्या अर्जावर तर आदेशच झाला नाही, आणि दरम्यान दुसऱ्या खात्यांच्या निविदाही हातच्या गेल्या. दोन वर्षांची शिक्षा अशी चालूच राहिली तर अपील जिंकूनही उपयोग उरत नाही.

रिटमध्ये सुरुवातीलाच आदेशाला अंतरिम स्थगिती मागता येते. ती मिळेलच असे नाही, पण माझ्यासारख्या नोटिशीत बाजू भक्कम असते. काळ्या यादीत टाकण्यापूर्वी बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या इरुसियन इक्विपमेंट प्रकरणातच सांगितले होते. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी प्रकरणाने त्याला नेमकेपणा दिला: काळ्या यादीची कारवाई प्रस्तावित आहे हे नोटिशीतूनच कळले पाहिजे. यावर निविदेच्या अटींतच तशी तरतूद होती, असे खाते हमखास म्हणते. माझ्या प्रकरणातही म्हणाले. पण अटींतील कलम नोटिशीची जागा घेऊ शकत नाही, हे २०२० च्या यूएमसी टेक्नॉलॉजीज विरुद्ध भारतीय अन्न महामंडळ या निर्णयाने स्पष्ट केले आहे. आधी अपिलातच जा, हा आक्षेपही नैसर्गिक न्यायाचा भंग झालेला असताना फारसा टिकत नाही.

समोरासमोर बोलावले नाही, एवढ्याच मुद्द्यावर मात्र रिट उभारू नये. २०१२ च्या पटेल इंजिनिअरिंग निकालानुसार प्रत्येक वेळी तोंडी सुनावणी आवश्यक नसते आणि लेखी उत्तराची संधीही पुरेशी ठरू शकते. काय कारवाई होणार हेच सांगितले नव्हते, हा त्याहून कितीतरी बळकट मुद्दा आहे. त्यासाठी नोटीस आणि आदेश शेजारी ठेवून वाचावेत, आणि आदेशातील कोणती शिक्षा नोटिशीत नव्हती ते पाहावे.

रिटचीही मर्यादा आहे. नोटिशीच्या दोषावर आदेश रद्द झाला तरी न्यायालय खात्याला नव्याने नोटीस काढण्याची मुभा बहुधा देते. माझ्या बाबतीत तसेच झाले. या वेळी नोटिशीत काळ्या यादीचा उल्लेख होता, म्हणून उत्तरात उशिराच्या कारणांबरोबरच एवढ्या उशिरासाठी ही शिक्षा प्रमाणाबाहेर कशी आहे, हेही पत्रव्यवहाराच्या प्रतींसह मांडता आले. प्रमाणाचा हा मुद्दा २०१४ च्या कुलजा इंडस्ट्रीज निकालातून येतो. पहिल्या उत्तरात त्याला जागाच नव्हती, कारण शिक्षेबद्दल कोणी विचारलेच नव्हते. नव्या आदेशात कालावधी बराच कमी झाला.

स्थगिती मिळाल्यानंतरही प्रतिज्ञापत्रात मी आदेशाचा उल्लेख करून स्थगितीची प्रत जोडत असे. माहिती लपवल्याचा ठपका आला तर त्यावरून नवी नोटीस निघू शकते, आणि त्या नोटिशीत उणीव सापडेलच असे नाही.