कॉन्ट्री काढायची कशी: समान, प्रमाणात की कराप्रमाणे?

गंगापूर रोडवर चौघं जेवलो. बिल आलं 2,812 रुपयांचं. ज्याने वाईन घेतली होती तोच आधी म्हणाला, "समान वाटा ना, कशाला हिशोब!" मी साधी भाजी-रोटी खाल्लेली. मग बिलाचा फोटो काढला आणि तिन्ही प्रकारे हिशोब करून पाहिला.

बिलात जेवण 1,600 आणि वाईन 800. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 240. जेवण आणि सर्व्हिस चार्ज मिळून 1,840 वर 5 टक्के जीएसटी 92. दारू जीएसटीत येत नाही, म्हणून वाईनवर 10 टक्के व्हॅट 80. स्टार्टर 400 चे, ते चौघांत सारखे धरले.

| कोण (स्टार्टर धरून) | समान | प्रमाणात | कराप्रमाणे |
|---|---|---|---|
| मी (350) | 703 | 410 | 404 |
| दुसरा (400) | 703 | 469 | 462 |
| तिसरा (450) | 703 | 527 | 520 |
| वाईनवाला (1,200) | 703 | 1,406 | 1,426 |

प्रमाणात म्हणजे एकूण बिल भागिले सर्व्हिस चार्ज आणि करांआधीची बेरीज: 2,812 ÷ 2,400 = 1.1717. प्रत्येकाच्या रकमेला तेवढ्याने गुणायचं, झालं. कराप्रमाणे काढताना जेवणाला 1.155 ने गुणायचं (1.10 × 1.05). वाईनला 1.205, कारण तिच्यावर व्हॅट, सर्व्हिस चार्ज आणि त्या चार्जवरचा जीएसटी, तिन्ही बसतात.

समान वाटणीत माझे जवळजवळ तीनशे जास्त जातात. उरलेल्या दोन पद्धतींत फरक किती? मला सहा रुपये, वाईनवाल्याला वीस. तेवढ्यासाठी दोन गुणक सांभाळायचे? मी तरी नाही सांभाळणार. हां, बाटल्या बऱ्याच असतील, तर मात्र तिसरी पद्धत. काही ठिकाणी जेवणाचं आणि बारचं बिल वेगळंच येतं. मग प्रश्नच मिटतो, फक्त दोन्हींचे फोटो घ्या.

खरी गडबड फोटोतच होते. सीजीएसटी 46 आणि एसजीएसटी 46, दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, आणि फोटोवरून बिल वाचणारं ॲप एखादी दुहेरी समजून गाळतं. कधी सबटोटललाच पदार्थ समजतं, तर कधी नगाचा आकडा दरात घुसतो. म्हणून आधी पदार्थांची बेरीज सबटोटलशी जुळवा, मग करांसकट एकूण रकमेशी. आमच्या फोटोवरून पहिल्यांदा 2,766 आले. नेमके 46 कमी, म्हणजे कुठली ओळ गेली ते लगेच कळलं.

सर्व्हिस चार्ज द्यायचा नसेल तर वाटणीच्या आधीच काढायला सांगा. तो ऐच्छिक आहे, सक्तीने घेता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये मान्य केलंय. आमच्या बिलात तो काढला असता तर 240 नाही, 252 वाचले असते, कारण त्यावरचा जीएसटीही गेला असता. पैसे एकाने आधीच भरले असतील आणि मग हे लक्षात आलं, तर नवं बिल छापून घेतल्याशिवाय वाटणी करू नका.

वाईनवाल्याने 1,406 दिले. कुरकुरत, पण दिले.