नकली कार सीट: छायाचित्रांत दिसत असूनही मी न वाचलेल्या खुणा

मुलीसाठी ऑनलाइन विकत घेतलेली कार सीट आणि त्याच विक्रेत्याकडून सोबत घेतलेला बेबी कॅरियर, या दोन्ही वस्तू नकली निघाल्या. विक्रेत्याने खरेदीपूर्वी एकूण नऊ छायाचित्रे पाठवली होती आणि मी ती मोठी करून, अगदी मन लावून पाहिली होती. कापड स्वच्छ आहे का, कुठे चरा पडला आहे का, गादी दबली आहे का, एवढेच मी त्यात शोधले. सुरक्षेचे नारिंगी लेबल दिसते आहे म्हणून समाधान झाले आणि पैसे पाठवून दिले. तीच नऊ छायाचित्रे आता पुन्हा उघडली, की नकलीपणाच्या बहुतेक खुणा त्यातच होत्या असे दिसते. त्या खुणा कोणत्या होत्या हे इतरांना कळावे म्हणून हा अनुभव तपशीलवार लिहीत आहे.

विक्रेत्याचे म्हणणे असे होते की सीट भेट म्हणून आली, घरात आधीच एक होती, म्हणून ही न वापरलेली विकायची आहे. हे खोटे वाटण्याचे काही कारण नव्हते. सीट घरी आल्यावर ती गाडीत नीट बसत नव्हती, म्हणून कार सीट बसवून देण्याचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना बोलावले. त्यांनी सीट उलटी केली, लेबल वाचले आणि विचारले, "हा क्रमांक तुम्ही वाचला होता का?" मी म्हटले, "लेबल आहे ना त्यावर." त्या म्हणाल्या, "लेबल छापायला काय लागते? त्यावर काय छापले आहे ते बघा."

आमच्या सीटवर संयुक्त राष्ट्रांच्या नियमांखाली दिले जाते तसे नारिंगी मान्यता लेबल होते. अशा लेबलावर एका वर्तुळात इंग्रजी 'ई' अक्षर आणि त्याच्या शेजारी एक आकडा असतो. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, म्हणजे १ असेल तर जर्मनी, ४ असेल तर नेदरलँड्स. सीट कुठे बनली याच्याशी त्याचा संबंध नसतो, त्यामुळे चीनमध्ये बनलेल्या सीटवर 'ई ४' असणे मुळीच संशयास्पद नाही. लेबलावर नियमाचे नाव असते. जुन्या नियमाच्या सीटवर 'आर ४४' आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन '०४' असे लिहिलेले असते, व मुलाच्या वजनाची मर्यादा किलोमध्ये दिलेली असते. नव्या नियमाच्या सीटवर '१२९' हा आकडा असतो आणि तिथे मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. (अमेरिकी नियमांनुसार विकल्या जाणाऱ्या सीटवर हे नारिंगी लेबल नसते. तिथे ती सीट संघीय वाहन सुरक्षा मानकांना अनुसरून असल्याचे एक ठरावीक वाक्य छापलेले असते, त्यामुळे पुढचे आकडे तिला लागू करू नयेत.)

आता मुख्य गोष्ट. वर्तुळाजवळ जो मान्यता क्रमांक असतो, त्याचे पहिले दोन अंक म्हणजे नियमाच्या दुरुस्तीचा क्रम. 'आर ४४/०४' असे लिहिलेल्या लेबलावर मान्यता क्रमांक ०४ नेच सुरू व्हायला हवा. आमच्या लेबलावर वर ठळक '४४/०४' होते, वजन ९ ते १८ किलो होते, आणि खाली मान्यता क्रमांक ०३ ने सुरू होत होता. माझा अंदाज असा की नक्कल करणाऱ्याने नव्या '१२९/०३' नियमाच्या कुठल्यातरी लेबलावरून क्रमांक उचलला, कारण तिथे ०३ ने होणारी सुरुवात बरोबर असते. कारण काहीही असो, दोन ओळी एकमेकींना खोटे पाडत होत्या, आणि त्या दोन्ही ओळी तिसऱ्या छायाचित्रात स्वच्छ वाचता येत होत्या. ही विसंगती शोधायला कसलेही उपकरण लागत नाही, कुठे चौकशीही करावी लागत नाही.

त्याच लेबलावर आणखी एक क्रमांक होता, तो म्हणजे त्या एका सीटचा अनुक्रमांक. मान्यता क्रमांक आणि अनुक्रमांक यांत गल्लत करू नये, कारण माझ्याकडून नेमकी तीच झाली होती. मान्यता क्रमांक हा त्या प्रकारच्या सगळ्या सीटवर सारखाच असतो, त्यामुळे दोन विक्रेत्यांच्या छायाचित्रांत तो जुळला तर त्यात गैर काही नाही. अनुक्रमांक मात्र प्रत्येक सीटचा वेगळा असतो. फसवणूक उघड झाल्यावर मी त्याच मॉडेलच्या इतर जाहिराती शोधल्या, तेव्हा वेगळ्या नावाने दिलेल्या दोन जाहिरातींत आमच्याच सीटचा अनुक्रमांक शेवटच्या अंकापर्यंत सापडला. तीन सीट, क्रमांक एकच. खरेदीपूर्वी हा शोध घेतला असता तर फार तर अर्धा तास गेला असता.

पट्ट्यांकडे मी अजिबात लक्ष दिले नव्हते, आणि धोक्याच्या दृष्टीने तीच सर्वांत गंभीर चूक ठरली. लहान मुलाच्या अंगावरून जाणारा हार्नेसचा पट्टा 'आर ४४' नियमानुसार या वजनगटात किमान २५ मिलिमीटर रुंद असावा लागतो. आमच्या सीटचा पट्टा पट्टीने मोजला तेव्हा २० मिलिमीटर भरला. तो दप्तराच्या पट्ट्यासारखा मऊ होता, बोटांत धरून वळवला की त्याची सहज गुंडाळी होत असे, आणि खांद्यावरच्या पॅडखाली तो आधीच दुमडून दोरीसारखा झाला होता. अपघाताच्या वेळी पट्ट्याचा जोर मुलाच्या छातीवर जितक्या रुंद भागावर पसरेल तितके बरे, हे ध्यानात घेतले तर हे पाच मिलिमीटर किरकोळ नाहीत.

छायाचित्रातून रुंदी कशी कळणार, असे वाटणे साहजिक आहे. त्या बाईंनी सांगितलेला उपाय साधा आहे. विक्रेत्याला पट्टा सपाट करून त्यावर बँकेचे कार्ड ठेवायला सांगावे आणि बरोबर वरून छायाचित्र घ्यायला लावावे. सगळीकडची बँक कार्डे एकाच मापाची असतात आणि त्यांची आखूड बाजू ५४ मिलिमीटर असते. २५ मिलिमीटरचा पट्टा त्या बाजूच्या निम्म्याहून किंचित कमी दिसतो, तर २० मिलिमीटरचा पट्टा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर. कार्ड आणि पट्टा एकाच पातळीत नसतील किंवा छायाचित्र तिरके असेल तर हे माप फसते. कार्डाची छापील बाजू मात्र खाली ठेवायला सांगावी, नाहीतर आपल्यामुळे विक्रेत्याच्याच कार्डाचा क्रमांक बाहेर जायचा.

बकलच्या बाबतीत चौथे छायाचित्र माझ्या डोळ्यांसमोर होते आणि तरीही मला काही खटकले नाही. नियम असा आहे की बकल उघडण्याचे बटण लाल असावे आणि बकलचा दुसरा कोणताही भाग लाल नसावा, म्हणजे घाईच्या वेळी अनोळखी माणसालाही कुठे दाबायचे ते कळेल. आमच्या बकलला बटणाभोवती शोभेची लाल कड होती. मला ती दिसायला छान वाटली होती, हे कबूल करतो. त्याच छायाचित्रात डाव्या पट्ट्याचे टोक बकलमध्ये बसलेले होते आणि उजव्या पट्ट्याचे टोक बाजूला गादीवर पडलेले होते. हार्नेसचे बकल सगळी टोके आत गेल्याशिवाय बंद होताच कामा नये, अशी नियमाची अट आहे. केवळ छायाचित्रावरून ते टोक अडकले आहे की नुसते टेकवले आहे हे सांगता आले नसते, पण प्रश्न तर विचारता आला असता. सीट हातात आल्यावर पाहिले, तर एकच टोक आत सरकवले की 'टक' असा आवाज होऊन बकल बंद होत होते. म्हणजे गडबडीत एक पट्टा मोकळा राहिला असता तरी आम्हाला तो आवाज ऐकून सगळे ठीक आहे असेच वाटले असते.

सीटच्या मूळ कंपनीने संकेतस्थळावर ठेवलेल्या माहितीपुस्तिकेत बकलच्या मागच्या बाजूचे चित्र आहे. त्यात कंपनीची खूण प्लास्टिकमध्ये साच्यातूनच उमटलेली दिसते. आमच्या बकलची मागची बाजू कोरी होती. विक्रेत्याच्या नऊ छायाचित्रांत ती बाजू एकदाही दिसत नाही, हेही मला नंतरच जाणवले. त्याचप्रमाणे सीटच्या प्लास्टिकच्या भागावर उत्पादनाचे वर्ष कायमस्वरूपी उमटवलेले असावे लागते. बऱ्याचदा ते लहानशा घड्याळासारखे गोल असते, कडेने महिन्यांचे १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे दोन अंक आणि महिना दाखवणारा बाण. कापड काढल्याशिवाय किंवा सीट उलटी केल्याशिवाय ते सहसा दिसत नाही, म्हणून त्याचे छायाचित्र मुद्दाम मागावे लागते. आमच्या सीटवर असे काहीही नव्हते.

कॅरियरची गोष्ट थोडक्यात सांगतो. मूळ कॅरियरच्या कमरेच्या पट्ट्यावर कंपनीचे नाव विणलेले असते, त्यामुळे पट्टा उलटा केला की मागे तेच नाव उलट रंगांत दिसते. आमच्या पट्ट्यावर ते एकाच बाजूला छापलेले होते आणि पट्ट्याच्या विणीच्या उंचवट्यांवर शाई तडकू लागली होती. शिवलेल्या चिठ्ठीवर धुण्याच्या सूचना होत्या, वजनाची मर्यादा होती, पण उत्पादनाची तारीख आणि तुकडीचा क्रमांक नव्हता. छायाचित्रात फक्त पुढची बाजू होती.

हे सगळे तपासूनही छायाचित्रांची मर्यादा राहतेच. अस्सल सीटचे लेबल काढून दुसऱ्या सीटवर चिकटवता येते, आणि दुसऱ्याच्या सीटची छायाचित्रे स्वतःची म्हणून पाठवता येतात. म्हणून लेबल, त्याच्या आजूबाजूचे प्लास्टिक आणि विक्रेत्याने हाताने त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद एकाच छायाचित्रात मागावा. अस्सल सीट अपघातातून गेलेली आहे का, हे मात्र कोणत्याच छायाचित्रातून खात्रीने कळत नाही, आणि त्या कारणासाठी आता मी अनोळखी माणसाकडून वापरलेली सीट घेत नाही.

तक्रार केली तेव्हा विक्री संकेतस्थळाचे पहिले उत्तर आले की वस्तूवर सुरक्षा लेबल असल्यामुळे ती नकली असल्याचे सिद्ध होत नाही. मग मी लेबलाचे छायाचित्र पाठवून ४४/०४ आणि ०३ या दोन जागांभोवती वर्तुळे काढली, शेजारी पट्टीवर मोजलेला पट्टा ठेवला आणि एकच अनुक्रमांक असलेल्या इतर दोन जाहिरातींचे स्क्रीनशॉट जोडले. सीटचे पैसे परत मिळाले. कॅरियरचे मिळाले नाहीत, कारण मुदत संपली होती. विक्रेत्याचे खाते बंद झाले, आणि आठवड्याभरात तीच नऊ छायाचित्रे दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. त्या वेळी मी लगेच कळवले.

सीट कुणी कचऱ्यातून उचलून वापरू नये म्हणून तिचे पट्टे कापले, गादी फाडली आणि प्लास्टिकच्या पाठीवर जाड मार्करने 'नकली, वापरू नका' असे लिहून मगच ती टाकली. बकल आणि लेबल तेवढे पुरावा म्हणून काढून ठेवले आहे.