पिच डेकवरचे प्रश्न आधी ओळखायचे कसे: आडवी तपासणी की रंगीत तालीम?

गुंतवणूकदारांचे संभाव्य प्रश्न आधी ओळखण्याचे दोन मार्ग कामाचे आहेत. एक, आडवी तपासणी: डेकमधले, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइडमधले, आकडे एकमेकांशी भिडवून स्वतः प्रश्न काढायचे. दुसरा, रंगीत तालीम: धंदा माहीत नसलेल्या दोन माणसांसमोर सादरीकरण करून त्यांना विचारू द्यायचं. इंटरनेटवरची ‘शंभर हमखास प्रश्न’ छापाची यादी हा तिसरा मार्ग मानला जातो, पण तिला तुमची डेक ठाऊक नसते. ती शेवटी पंधरा मिनिटं चाळावी, तेवढं पुरतं.

उदाहरणासाठी एक काल्पनिक डेक घेऊ. लाकडी घाण्याचं तेल ऑनलाइन विकणारी कंपनी, बारा स्लाइड, गुंतवणूकदारांकडे मागणी 2 कोटी रुपयांची. महिन्याला 3,000 ऑर्डर, सरासरी ऑर्डर 600 रुपयांची, म्हणजे विक्री 18 लाख. 35 टक्के ऑर्डर जुन्या ग्राहकांच्या. एक नवा ग्राहक मिळवण्याचा खर्च 300 रुपये.

आडव्या तपासणीत प्रत्येक आकडा कागदावर स्लाइड क्रमांकासह उतरवायचा आणि दोन वेगळ्या स्लाइडवरच्या आकड्यांवरून तिसरा निघतो का ते पाहायचं. इथे खर्चाच्या स्लाइडवर जाहिरातीचे महिन्याला 9 लाख दिसतात. 9 लाखांना 3,000 ने भागलं की 300 येतात. पण त्या 3,000 मधल्या 1,050 ऑर्डर जुन्या ग्राहकांच्या आहेत. नवे ग्राहक 1,950, म्हणजे खरा खर्च सुमारे 460 रुपये. ही चूक फार सर्रास होते, कारण एकूण ऑर्डरचा आकडा हाताशी असतो आणि नव्या ग्राहकांचा वेगळा काढावा लागतो. समोरचा माणूस हा भागाकार बैठकीतच मोबाइलवर करतो आणि त्यानंतर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

याच धाग्याने पुढचा प्रश्न येतो. मालाचा खर्च वजा जाता ऑर्डरमागे 240 रुपये उरतात, त्यातून कुरिअरचे 80 गेले की 160. खर्च 300 असता तर तो दुसऱ्या ऑर्डरला वसूल झाला असता; 460 असल्यामुळे तिसरी ऑर्डर लागते. म्हणून ‘तिसऱ्यांदा किती ग्राहक येतात?’ हा प्रश्न येणारच, आणि डेकमध्ये त्याचं उत्तर नाही.

निधीचंही तसंच. महिन्याची तूट 11 लाख आहे, म्हणून 2 कोटी 18 महिने पुरतील असं लिहिलंय. पण दोन स्लाइड पुढे पाच जणांची भरती आहे, तिचे 4 लाख धरले तर तूट 15 लाख होते आणि पैसे तेरा महिन्यांत संपतात. विक्री वाढून ही दरी भरेल असं गृहीत धरलं असेल, तर किती वाढ धरली ते उत्तरात आकड्यानिशी हवं.

एवढं काम एका माणसाचं, तीन-चार तासांचं. मर्यादा एकच, पण मोठी: डेकमध्ये जे लिहिलेलंच नाही ते लिहिणाऱ्याला दिसत नाही.

तिथे तालीम उपयोगी पडते. ‘35 टक्के म्हणजे ऑर्डर की ग्राहक?’, ‘600 रुपयांत जीएसटी धरलाय का?’, ‘शेंगदाण्याचा भाव चढला तर 240 चे किती उरतील?’ असे प्रश्न बाहेरच्यालाच पडतात. तालमीच्या आदल्या दिवशी त्यांना नुसती पीडीएफ पाठवा, तोंडी काही सांगू नका, कारण गुंतवणूकदारही अनेकदा ती तुमच्याशिवायच वाचतात. दहा मिनिटं सादरीकरण, वीस मिनिटं प्रश्न. एक जण हिशेबात पक्का असावा. तिसऱ्याने प्रश्न शब्दशः लिहून घ्यावेत. बोलणाऱ्याने लिहिले तर अडचणीचे प्रश्न नकळत सौम्य होतात. जवळचे मित्र नकोत, ते उत्तर अर्धवट असलं तरी मान डोलावतात.

वेळ दोनच दिवसांचा असेल तर आडवी तपासणी निवडा. आठवडा असेल तर दोन्ही करा, पण क्रम हाच ठेवा. बेरजेच्या चुका तशाच ठेवून तालमीला बसलात तर वीस मिनिटं त्यातच जातात आणि बाहेरच्या नजरेचा फायदा मिळत नाही.

उत्तरं मात्र दोन्ही मार्गांना सारखीच बांधायची: आधी आकडा, मग तो कसा काढला, मग त्यावर काय करताय. ‘460 रुपये. जाहिरातीचे 9 लाख भागिले 1,950 नवे ग्राहक. तिसऱ्या ऑर्डरला वसूल होतात, म्हणून पाच लिटरचा डबा सुरू करतोय, त्यात कुरिअरचा लिटरमागचा खर्च कमी पडतो.’ अर्ध्या मिनिटात संपतं. चुकलेला 300 चा आकडा बैठकीआधी स्लाइडवरच दुरुस्त करा, आणि तिसऱ्या ऑर्डरचा महिनावार तक्ता शेवटच्या स्लाइडनंतर जोडून ठेवा, विचारलं तरच उघडायचा.