सात महिने रेझ्युमे स्कोअरचं टूल वापरलं, आता खातं बंद केलंय

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी अकाउंट्स बघते. पुण्यात नोकरी शोधतेय म्हणून सात महिन्यांपूर्वी रेझ्युमेला गुण देणारं एक ऑनलाइन टूल घेतलं. ही टूल्स काय करतात ते तुम्हाला माहीतच असेल: फाइल चढवा, जाहिरात चिकटवा, शंभरपैकी आकडा बघा. पहिले दोन महिने मी खूश होते. मैत्रिणींना सांगितलं, महिन्याचे २९९ रुपयेही भरले. तेव्हा दिलेले पाच तारे आज मागे घेतेय.

निमित्त एका फोनचं. "मॅडम, पुण्याच्या कंपनीत तुमचं सिलेक्शन झालंय. जुळे सोलापूरला बी-१२ मध्ये राहता ना? आमचा माणूस कागदपत्रं तपासायला येईल, त्याआधी १,८५० रुपये भरा." माझं नाव, आधीची कंपनी, तिथे किती वर्षं होते, सगळं त्याने बरोबर सांगितलं. त्यामुळे माझा जवळजवळ विश्वास बसला होता. पण आम्ही राहतो बी-२१ मध्ये.

रात्री जेवताना आठवलं. रेझ्युमेच्या पहिल्या मसुद्यात मी आकडे उलटे टाइप केले होते. बाबांनी दोन दिवसांनी ते दाखवलं आणि मी दुरुस्त केलं. म्हणजे बी-१२ वाली फाइल फक्त एकाच ठिकाणी गेली होती, या टूलवर. जॉब पोर्टलवर आणि कंपन्यांना गेली ती सगळी दुरुस्त प्रत. दुसरा पुरावा मेलचा. जीमेल पत्त्यात @ च्या आधी +score असं जोडलं तरी मेल आपल्याच खात्यात येतो. दादाच्या सांगण्यावरून मी या टूलवर तसाच पत्ता दिला होता. दोन-तीन "प्लेसमेंट" वाल्यांचे मेल नेमके त्याच पत्त्यावर आले होते. फोन नंबरला अशी खूण लावता येत नाही, म्हणून घराच्या पत्त्यातली ती चूक माझ्या उपयोगी पडली.

सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. रेझ्युमेच्या शेवटी "संदर्भ" म्हणून माझ्या जुन्या सरांचं नाव आणि मोबाइल नंबर होता. त्यांनाही फोन गेला, माझं नाव सांगून. सर म्हणाले, "अगं, मला काय माहीत तू कुठे कुठे माझा नंबर देतेस." त्यांचं बरोबर होतं. माझा पत्ता देणं हा माझा निर्णय होता, पण त्यांचा नंबर देताना मी त्यांना विचारलंच नव्हतं.

इथे माझं मत थोडं बदललं, तेही लिहायला हवं. टूलवाल्यांनी माहिती विकली असं मी आधी सगळ्यांना सांगत होते. नंतर खात्याच्या सेटिंगमध्ये खाली गेले, तर "भरती करणाऱ्यांना माझी प्रोफाइल दिसू द्या" यावर टिक होती. मी केलेली नव्हती, खातं उघडतानाच ती आलेली असणार. दादाने दुसऱ्या मेलवरून भरती करणारा म्हणून खातं उघडलं. कंपनीचं नाव काहीही टाकलं तरी चाललं, आणि पाच मिनिटांत माझा अख्खा रेझ्युमे नंबरासकट समोर आला. विकायची गरजच नव्हती, दार उघडंच होतं. फोनवाल्याला नेमका तिथूनच मिळाला हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण कोणालाही मिळू शकत होता हे स्वतः पाहिलंय.

आता माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट: आठ गुण. फोन, पत्ता, मेल काढून तीच फाइल चढवली तर स्कोअर ७४ वरून ६६ झाला. खाली लाल अक्षरांत "फोन नंबर नाही, पत्ता नाही". मग मी नंबराच्या जागी 0000000000 आणि मेलच्या जागी name@example.com टाकलं, पत्ता फक्त "सोलापूर". पुन्हा ७४! म्हणजे नंबर माझा आहे की नाही याच्याशी त्या टूलला काही देणंघेणं नाही, दहा आकडे दिसले की झालं. नोकरीशी माझं किती जुळतं हे तपासायला माझा खरा नंबर एका गुणाइतकाही लागत नव्हता, आणि तो मी सात महिने तिथे ठेवला. (मनाने कुठलाही दहा आकडी नंबर टाकू नका, तो कोणाचा तरी खरा निघायचा. example.com हे नाव मात्र उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, ते कोणाला जात नाही.)

नाव-नंबर झाकतानाही एक चूक केली. पीडीएफवर काळा चौकोन ओढला आणि निर्धास्त झाले. गल्लीतले डीटीपीवाले काका म्हणाले, "ताई, Ctrl+A करून नोटपॅडमध्ये टाका की." टाकलं, तर चौकोनाखालचा नंबर जसाच्या तसा! चौकोन फक्त वर बसतो, अक्षरं खाली तशीच राहतात. मूळ वर्ड फाइलमधून मजकूर पुसून नवीन पीडीएफ करावी लागते. मेलच्या अक्षरांमागे दडलेली लिंकही काढावी लागते, नाहीतर दिसणारा पत्ता बदलतो आणि आतला खराच राहतो.

आणि मुळात टूलचा तो स्कोअर कंपनीला दिसतच नाही. प्रत्येक टूलचं गणित आपापलं असतं. तीच फाइल दुसऱ्या टूलवर ५२ आली. आता मी हे काम घरी करते. पुण्याच्या एका जाहिरातीची प्रिंट काढली आणि मागितलेली कामं पेनाने अधोरेखित केली. अकरा निघाली. त्यातली नऊ मी करतेच, पण रेझ्युमेत त्यांच्या शब्दांत पाचच होती. "बँक रिकन्सिलिएशन" दर महिन्याला करते आणि लिहिलं होतं "बँक वर्क". जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी भरते आणि लिहिलं होतं "टॅक्सची कामं". चार ओळी बदलल्या, पाचाची नऊ झाली. उरलेली दोन कामं मला येत नाहीत, ती लिहिली नाहीत.

नोटपॅडची तीच युक्ती इथेही कामाला आली. माझा रेझ्युमे दोन रकान्यांचा होता. नोटपॅडमध्ये चिकटवल्यावर कंपन्यांची नावं एकीकडे आणि तारखा भलतीकडे गेल्या. कंपनीचं सॉफ्टवेअरही असंच वाचण्याची शक्यता असते. एका रकान्यात केला, गोंधळ गेला. खर्च प्रिंटचे दहा रुपये.

तरीही टूल वापरायचंच असेल तर कोरी प्रत द्या: नाव "अर्जदार", गाव फक्त सोलापूर, जन्मतारीख आणि संदर्भ काढलेले, कंपनीच्या नावाऐवजी "टॉवेल निर्यात करणारी कंपनी". आपल्या गावात कारखान्याचं नाव आणि वर्षं एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

खातं बंद करायला तीन मेल लागले. "रेझ्युमे हटवा" दाबल्यावर यादीतून गेला, पण भरतीवाल्या खात्यातून चार दिवस दिसत होता. शेवटी वेबसाइटवर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, तेव्हा गेला. फोन आला होता त्या नंबराची तक्रार दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या चक्षू सुविधेत केली. पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर करावी लागली असती.

असे फोन अजून आठवड्याला एक-दोन येतात. नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला, बदलणार कसा? अर्जांसाठी आता वेगळं प्रीपेड सिम घेतलंय, दादाच्या जुन्या हँडसेटमध्ये घातलंय. रेझ्युमेवर तोच नंबर असतो, आणि संदर्भाच्या जागी "मागितल्यास देईन" एवढंच. सरांना विचारून मगच नंबर देणार हे त्यांना जाऊन सांगितलंय.